गोंड्याची नाडी

लेक तीन वर्षांची होती. नाशिक रोडची थंडी तेव्हा चांगलीच बोचायची. दिवाळी झाल्याझाल्या मी नांदगावला आईला पत्र टाकलं: नातीला टोपीचा स्वेटर वीण, पण गळ्याला नाडी ओव, टोपी सारखी मागे पडते. नाडी माझी मागणी. टोकाचे गोंडे तेवढे आईची हौस.

आई पॅसेंजरने आली ती स्वेटर घेऊनच. लालभडक, दुहेरी लोकरीचा. लेक त्यात गाठोड्यासारखी दिसायची आणि गोंडा तोंडात घालून बसायची. आम्हाला त्याचं कोण कौतुक!

एका सकाळी आई तिला कॉलनीच्या बागेत घेऊन गेली. घरचं आवरून मी पोचले ती आईची हाक ऐकूनच. घसरगुंडीच्या वरच्या कठड्याच्या फटीत गोंडा अडकला होता, लेक निम्मी खाली घसरलेली आणि नाडी गळ्यात रुतलेली. आईने तिला खालून वर उचलून धरलं होतं, म्हणून श्वास चालू होता. मी वर चढून गोंडा ओढून काढला.

डॉक्टरांनी गळ्यावरचा वळ पाहिला. "लहान मुलांच्या गळ्याशी नाडी, गोंडा, लोंबतं काही नको," ते म्हणाले. मग स्वेटरच्या आत हात घातला. "आणि ही घामाने भिजलीय. एकच जाड कशाला घालता? आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा, त्यावर पातळ स्वेटर. ऊन चढलं की एकेक काढायचं."

बाहेर आल्यावर मी आईवर खेकसले, "तुझ्या हौसेपायी पोर गेली असती माझी!"

"हां बाई, चुकलंच माझं," आई म्हणाली. पत्राचं तिने नावही काढलं नाही. मीही नाही. मला लाज वाटायला हवी होती. वाटली ती भीतीच, दोष माझ्यावर येईल याची.

त्याच दुपारी तिने सगळा स्वेटर उसवला. पुढच्या आठवड्यात एकेरी लोकरीचे दोन पातळ स्वेटर विणले, टोपी नाही, नाडी नाही. बटणं घट्ट शिवून प्रत्येक बटण ओढून पाहिलं. सकाळी बनियन, सदरा, स्वेटर अशी चळत करून तिने माझ्या हातात दिली.

"तू घाल ना. तुझ्याकडूनच घालून घेते ती."

"नाय बाई, तूच घाल. माझ्या हातांचा मलाच भरवसा नाय आता."

नंतर ती दर हिवाळ्यात यायची. तशीच चळत करून द्यायची आणि बाजूला उभी राहून बघायची. लेक हात पुढे करायची, तरी आई तिला कपडे घालायची नाही.

आई गेली तोवर लेक आपले कपडे आपणच घालायला लागली होती. नाडी ओवायला मीच सांगितलं होतं, एवढं एक वाक्य आईला म्हणायचं होतं. इतकी वर्षं ती माझ्यासमोर उभी होती, आणि ते माझ्याच्याने झालं नाही.