पेन्सिलीतली नोंद

झरका शहराच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात नळांना चकाकी चढवायचे, आणि टाक्यांच्या तळाशी जो पिवळट विषारी गाळ साचायचा त्याचा हिशेब मयसूनकडे होता. एकोणीस वर्षं. लोक तिला गमतीने 'चिखलाची मालकीण' म्हणत. तीही हसून म्हणायची, "मालकीण कसली, नुसती सासरी पाठवणी करते."

पाठवणीचे नियम कडक होते. पिंपं किती, वजन किती, आत काय, हे मॅनिफेस्टच्या पत्रकावर भरायचं. खाली कारखान्याची सही, मग ड्रायव्हरची. गाडी दक्षिणेच्या वाळवंटातल्या प्रक्रिया केंद्रावर पोहोचली की तिथला माणूस पिंपं मोजून, तोलून सही-शिक्का करायचा. त्याची एक प्रत मंत्रालयात जायची, एक मयसूनकडे परत यायची. ठरलेल्या दिवसांत ती आली नाही, तर माल कुठे अडला हे शोधून कळवायची जबाबदारी कारखान्याची.

याशिवाय मयसूनची स्वतःची एक जाड वही होती. गाडी फाटकाबाहेर पडली की ती त्यात पेन्सिलीने नोंद करायची आणि शिक्क्याची प्रत हातात आली की त्यावरच शाईने गिरवायची. पेन्सिल दिसते तोवर माल रस्त्यावर आहे, एवढा साधा अर्थ. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

गाडी बहुतेक वेळा अबू खल्दूनची असायची. साठीचा माणूस, डोक्यावर लाल चौकडीचा रुमाल, तोंडात अखंड बडबड. "लेकी, सही नीट कर. मागच्या वेळी कोंबडी नाचल्यासारखी केली होतीस."

"काका, तुमच्या सहीपेक्षा कोंबडी बरी."

घरून निघताना त्याची बायको उम्म खल्दून मयसूनसाठी कधी झातरचा मसाला लावलेली रोटी द्यायची, कधी अंगणातली अंजिरं. मयसून तिला दोनदाच भेटली होती, पण तिच्या हातची चव ओळखायची.

त्या ऑक्टोबरातल्या गुरुवारी बारा पिंपं गेली. केंद्रावर अकराच घेतली. बाराव्याचं झाकण तडकलेलं होतं. तिथल्या माणसाने पत्रकाच्या मागच्या बाजूला 'एक नाकारले, कारखान्यास परत' असं लिहून पिंप ड्रायव्हरच्या स्वाधीन केलं. अबू खल्दून परत पोहोचला तेव्हा वसाहतीचं फाटक बंद झालं होतं. शुक्रवार, शनिवार सुट्टी. त्याने मयसूनला फोन लावला.

ती घरी होती. मुलगी हाला बारावीच्या परीक्षेच्या धास्तीने दोन दिवस जेवली नव्हती आणि मयसून ताट घेऊन तिच्या दाराबाहेर उभी होती.

"लेकी, या तुटक्या झाकणाच्या नवरीला सासरच्यांनी परत पाठवलंय. कुठे ठेवू?"

"काका, दोन दिवस तुमच्या अंगणात ठेवा. रविवारी नवीन पत्रक करते, मग घेऊन या."

फोन ठेवल्यावर तिने पिशवीतून वही काढली आणि पेन्सिलीने लिहिलं: 'गुरुवार, ४.२०. अबू खल्दून. एक पिंप परत. फाटक बंद. घरी ठेवायला मी सांगितले.'

रविवारी तिने इंजिनियर निदालना विचारलं.

"एका पिंपासाठी वेगळी फेरी?" ते म्हणाले. "पुढच्या खेपेबरोबर बघू."

पुढची खेप आली ती दुसऱ्या कंपनीच्या गाडीतून. अबू खल्दूनने दोनदा फोन केला. पत्रकाशिवाय ते पिंप रस्त्यावर आणलं असतं तर त्याचा परवाना गेला असता. दुसऱ्या कुणी एखाद्या ओढ्यात ढकलून हात झटकले असते. त्याच्या हातून ते होण्यासारखं नव्हतं. त्याने वर ताडपत्री बांधली, दोर आवळला आणि वाट पाहिली.

"पुढच्या आठवड्यात नक्की, काका," मयसून दोन्ही वेळा म्हणाली. दोन्ही वेळा तिला खरंच तसं वाटत होतं.

मग पाऊस लागला. वाऱ्याने ताडपत्री फाटली. पाणी तडकलेल्या झाकणातून आत शिरलं, पिंप भरून वाहिलं आणि अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत झिरपलं. झरक्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी. उम्म खल्दूनचा चहा वर्षानुवर्षं त्या टाकीतल्या पावसाच्या पाण्याचाच. काळ्या चहात पिवळी झाक कुणाला दिसणार?

फेब्रुवारीत तिला इस्पितळात दाखल केलं. किडन्या निकामी. डॉक्टरांनी कारण ठामपणे सांगितलं नाही, पण शेजाऱ्याने ते पिंप दाखवलं आणि मंत्रालयाची तपासनीस बाई कारखान्यात येऊन बसली. लुब्ना तिचं नाव. तिच्याकडे मंत्रालयाची प्रत होती, मागच्या बाजूसकट.

"पिंप ड्रायव्हरच्या ताब्यात दिलं, ते तुमच्याकडे परत आलं नाही. कागदांप्रमाणे ते त्याने दडवलं. तुम्हाला कुणी कळवलं होतं का?"

"नाही," निदाल म्हणाले. "पिंपं रिकामी करून पाण्यासाठी विकतात हे लोक. त्यासाठीच ठेवलं असेल."

लुब्ना गाळाचं कोठार बघायला खाली गेली. निदाल मयसूनच्या टेबलाशी आले आणि वहीवर बोट ठेवलं.

"ही पेन्सिल आहे. पेन्सिलीने लिहिलेली नोंद धरत नाहीत."

"साहेब, मीच लिहिलंय."

"मग तूच पूस. त्याला कळवलं नसेल तर चूक त्याची. कळवलं असेल तर तुझी आणि माझी. हाला यंदा कॉलेजला जाणार ना?"

त्यांनी खोडरबर टेबलावर ठेवलं आणि ते निघून गेले. जुनंच खोडरबर होतं, मयसूनचंच. त्याच्या एका कोपऱ्यावर हालाच्या लहानपणच्या दातांच्या खुणा होत्या.

ती ओळ तिने पुन्हा वाचली. 'घरी ठेवायला मी सांगितले.' चार महिने ती पेन्सिलीतच राहिली होती. तिच्याच नियमाप्रमाणे माल अजून रस्त्यावर होता, आणि ही खूण रोज तिच्या डोळ्यांसमोरून गेली होती. निदालनी टाळलं हे खरं. पण पत्रक भरायला त्यांची सही लागत नव्हती. तिची लागत होती.

लुब्ना वर आली तेव्हा मयसूनने वही उघडी करून तिच्यापुढे सरकवली.

"त्याने कळवलं होतं. मला. तीनदा."

लुब्नाने ओळ वाचली, मग तिच्याकडे पाहिलं. "हे दिल्यावर तुमचं काय होईल, ठाऊक आहे ना?"

"हो. तुम्ही लिहून घ्या."

चौथ्या दिवशी उम्म खल्दून गेली.

मयसून दुखवट्याच्या, कडू कॉफीच्या बैठकीला गेली. बायकांच्या खोलीत तिला कुणी ओळखलं नाही. एक म्हातारी नुसतीच म्हणाली, "बस, पोरी." निघताना दारात अबू खल्दून उभा होता.

"काका, मला..."

"तपासनीस बाई सांगून गेली. चोर नाही म्हणाली मला." त्याने रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. "ती विचारायची, हे कधी नेणार? मी म्हणायचो, मयसूनने सांगितलंय, नेणारच. तुझं नाव काढलं की ती गप्प बसायची, लेकी. तुझ्यावर भरवसा होता तिचा."

तो रागावला असता तर मयसूनला पेललं असतं.

दुसऱ्या दिवशी केंद्राची गाडी त्याच्या अंगणात आली. हातमोजे आणि मुखवटे घातलेल्या माणसांनी ते पिंप एका मोठ्या पिंपात बसवून बंद केलं. कारखान्याच्या वतीने पत्रक मयसूननेच भरलं, ते तिचं शेवटचं काम. पिंप: एक. गळकं. वजन गाडीच्या काट्यावर: दोनशे एकतीस किलो. तिने सही केली. नव्या ड्रायव्हरने केली. अबू खल्दून उंबऱ्यावर बसून बघत होता, सहीबद्दल काही बोलला नाही.

शिक्क्याची प्रत आठ दिवसांनी आली. तोवर तिच्या टेबलावर दुसरी मुलगी बसत होती. मयसून आपलं सामान न्यायला आली होती. तिने प्रत आधी पुढून वाचली, मग उलटून मागून वाचली. मागे काही लिहिलेलं नव्हतं, काही परत आलं नव्हतं. मग तिने त्या मुलीकडून वही मागून घेतली आणि त्या गुरुवारची पेन्सिलीची ओळ शाईने गिरवली. सावकाश, एकही अक्षर न गाळता.