मंजिष्ठा कढईत गेली ती

मुंबईला कापड-रसायन शिकत होतो तेव्हाची गोष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत रत्नागिरीला घरी आलो, तो कॉलेजचं काम घेऊनच. तुरटीमुळे नैसर्गिक रंग सुती कापडावर पक्का कसा बसतो ते लिहायचं आणि स्वतः रंगवलेली लाल पट्टी जोडायची. पट्टी नाही तर नापास, आणि नापासाला वसतिगृहात जागा नाही.

आईने मागीलदारी चूल पेटवून दिली, तांब्याचं तपेलं दिलं. हिरड्याच्या काढ्यात भिजवून वाळवलेली पट्टी मी तुरटीच्या पाण्यात मुरवली, मग मंजिष्ठेच्या लाल मुळ्यांच्या पाण्यात मंद आचेवर ठेवली. काय झकास लाल चढत होता! आई लक्ष ठेवते म्हणाली, म्हणून मी दुसऱ्या दिवशीच्या बोटीचं तिकीट काढायला बंदरावर गेलो.

परत येऊन बघतो तर पट्टी काळीकुट्ट. सगळंच लोखंडी कढईत ओतलेलं.

"तपेल्याची कल्हई उडालेली रे," आई म्हणाली. "म्हटलं, कळकेल हो तुझं काम."

"आमटी आहे का ती, तांब्यात कळकायला? कोणी सांगितलं होतं हात लावायला? घालवलंस ना माझं वर्ष!"

मंजिष्ठा संपली होती. आई रिठे घेऊन विहिरीवर गेली आणि पट्टी घासत बसली. पाणी स्वच्छ, पट्टी तशीच काळी. मला ते बघवेना, पण चुकलो म्हणायला जीभ काही वळेना.

"अगं, नाही निघायचं ते!" मी खेकसलो. "सुती धागा तुरटीला नीट धरत नाही, म्हणून आधी हिरडा. त्यातलं टॅनिन धाग्याला चिकटतं, टॅनिन तुरटीतल्या ॲल्युमिनियमला धरतं, आणि ॲल्युमिनियम रंगाला. असं जमलेलं पाण्यात विरघळतच नाही. कढईतलं लोखंडही तसंच धरून बसलं. हिरड्याशी त्याची गाठ पडली की काळंच होतं!"

बोलता बोलता थांबलो. उत्तर तर हेच होतं. तेच लिहिलं, काळी पट्टी अर्धी कापून जोडली, कढईचंही लिहिलं. सर खूश झाले, पास झालो. आईला तसं पत्राने कळवलंही.

दिवाळीला घरी आलो, तर दांडीवर धुतलेल्या लुगड्याशेजारी उरलेली अर्धी पट्टी वाळत होती.

"अगं, पास झालो ना मी! कशाला धुतेस अजून?"

"धुणं काढलं की एक हात मारते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "जरा फिकी झाल्यासारखी वाटते का रे?"

पट्टी होती तशीच काळी होती.

"झालीय थोडी," मी म्हणालो.