मऊ तळाचा गट

आमची अक्का माणसाकडे आधी खालून बघते. कोणी दारात उभं राहिलं की चेहऱ्याआधी तिची नजर पावलांवर जाते. माझ्या लग्नाच्या बोलण्यांच्या वेळीही पाहुणे निघून गेल्यावर ती एवढंच म्हणाली होती, "मुलगा बरा आहे, चपला दोन्ही बाजूंनी सारख्या झिजल्यात." त्या हिशेबाने केलेला माझा संसार तरी नीट चालला आहे.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं आणि दाजींचं चपला-बुटांचं दुकान आहे. दाजी गल्ल्यावर बसतात आणि अक्का बुटक्या स्टुलावर. गिऱ्हाइकाचं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेऊन माप काढायला तिला कधी कमीपणा वाटला नाही. आता गुडघे कुरकुरतात, म्हणून उठताना ती शेल्फला धरते आणि शेल्फच डगमगतंय असा आव आणते.

पलीकडच्या चौकात बुटांचं मोठं, काचेचं दुकान झालं आणि अक्काकडची वर्दळ ओसरली. सणाच्या आधी दाजी मोबाइलवरून सगळ्यांना एकच जाहिरात पाठवत. लहान मुलांच्या बुटांचा फोटो सत्तरीच्या आजोबांना जाई आणि उंच टाचांचा फोटो त्यांच्या सुनेला जायच्या ऐवजी सासूला. "लोक उघडून बघतही नाहीत," अक्का म्हणायची. "मी एकेकाचं पाऊल हातात धरलंय आणि निरोप मात्र कोणाचाही कोणालाही."

मग तिच्या मुलीने तिला मोबाइलमध्ये गिऱ्हाइकांचे गट पाडायला शिकवलं. दुपारी दुकानात सामसूम असली की अक्का जुनी बिलं उघडून बसे. बिलावर मोबाइल नंबर असे आणि काय घेतलं तेही. ज्याने शाळेचे बूट नेले त्याच्या नंबराला शाळेची खूण, रुंद पंजाच्या चपला नेणाऱ्याला त्याची. दुखऱ्या, सुजणाऱ्या पावलांसाठी मऊ तळाचे जोड नेणाऱ्यांची आणखी एक खूण. खुणेवरून यादी निवडायची आणि एकच मजकूर पाठवायचा. तो जातो सगळ्यांना, पण प्रत्येकाला एकट्यालाच आल्यासारखा पोचतो. ज्याने दुकानाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवलाय त्यालाच पोचतो, एवढी एक मेख.

मजकूर जुळवायला मी बसले होते. अक्का सांगे, मी लिही. शाळेवाल्यांना तिने लिहायला लावलं, "मुलाचं पाऊल वर्षात वाढलं असेल, जुना बूट बोटांना लागतोय का ते अंगठ्याने दाबून बघा." मऊ तळवाल्यांना लिहिलं, "मागच्या जोडाचा तळ आता दबला असेल. त्याच मापाचा जोड सणासाठी बाजूला काढून ठेवलाय. सवडीने या."

"खरंच काढून ठेवलेत का?" मी विचारलं.

"मागवलेत ना सगळ्या मापांचे. म्हणजे ठेवल्यासारखेच."

पाठवण्याआधी ती एकदा थांबली. मऊ तळाच्या यादीत शिवणवाली होती. अक्काची जिवाभावाची मैत्रीण, समोरच्या बोळात ब्लाऊज शिवायची. मशीन चालवून तिची पावलं संध्याकाळी टम्म फुगत. थंडीत ती गेली. अक्काने तिच्या नंबरावरची खूण काढली, मग नंबरच काढला आणि चष्मा पदराने पुसत बसली. "तिच्याच फोनवर तिलाच बोलावणं जायला नको," म्हणाली. मग पाठवलं.

सणाला चांगली गर्दी झाली. एक बाई तर म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं हो, अंगठा दुखतोय पोराचा?" अक्काच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी तेज आलं. मी त्या दिवशी मदतीला गेले होते, खोकी काढून देत होते.

दुपारी घड्याळवाले आले. शिवणवालीचे यजमान. घड्याळं दुरुस्त करतात, बोलतात मोजकं. दाढी वाढलेली होती, पण शर्टाला इस्त्री होती. गर्दी सरेपर्यंत ते कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिले. मग अक्काजवळ येऊन फोन पुढे केला.

"वहिनी, हा जोड. बाजूला काढून ठेवलाय म्हणता. न्यायला आलो."

अक्काने वाचलं. तिच्या मैत्रिणीचा शेवटचा जोड घड्याळवाल्यांनी घेतला होता, बिल त्यांच्या नंबरावर होतं. अक्काने नेणाऱ्याला खूण लावली होती, घालणारीला नाही.

"ती सांगून गेली होती का?" त्यांनी विचारलं. "शेवटी शेवटी तिच्या मनात काय काय असायचं, मला सांगायची नाही. तुमच्याशी बोलायची. म्हटलं, जाण्याआधी मागवून ठेवला असेल. सणाला घालीन म्हणून."

दाजी गल्ल्यावरून अक्काकडे बघत होते. एक जोड त्या मापाचा खरोखर शेल्फवर होता. हात वर केला असता तरी पुरलं असतं.

"कधी आली होती?" ते पुढे म्हणाले. "काय म्हणाली, तेवढं सांगा."

अक्का स्टुलावरून उठली, या वेळी शेल्फला न धरता. "भाऊ, ती आली नव्हती," ती म्हणाली. "हा निरोप मऊ तळाचे जोड नेलेल्या सगळ्यांना गेलाय. तिचा नंबर मी काढला. तुमच्या नावावरही तिचाच जोड आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. चूक माझी."

त्यांनी निरोप पुन्हा वाचला, शब्दाशब्दावर बोट ठेवत.

"सगळ्यांना?"

"हो."

"सारखाच?"

अक्काने मान डोलावली. त्यांनी फोन खिशात घातला. "मी सकाळपासून दुकान बंद ठेवलं," एवढंच ते म्हणाले, आणि पायरी उतरून गेले. अक्का मागे धावली नाही. काय घेऊन धावणार होती?

संध्याकाळी दाजींनी खोकी रचता रचता विषय काढलाच. "हो म्हणायचं होतंस. कोणाचं काय बिघडलं असतं?"

"आणि ती काय म्हणाली ते विचारलं त्यांनी, त्याचं काय सांगू?"

"काहीतरी सांगायचं."

"तिच्या तोंडचं काहीतरी मी बनवू?" अक्काचा आवाज चढला नाही. "ते जन्मभर तेच आठवत बसले असते. माझं वाक्य."

दाजी उरलेली खोकी रचू लागले.

नंतर तिने सगळी यादी पुन्हा केली. प्रत्येक जोड कोणासाठी घेतला, हे आता बिल करतानाच विचारून लिहिते. कोणी विचारलं, "कशाला हो?" तर म्हणते, "पावलाचा मालक कोण ते माहीत असलेलं बरं." घड्याळवाल्यांच्या नंबरावरची मऊ तळाची खूण तिने काढली. त्यांचे स्वतःचे बूट साधे, काळे, कातडी, त्यांची खूण तेवढी राहिली. पण त्या यादीला निरोप पाठवताना ती त्यांचं नाव वगळते. धीर होत नाही तिला.

परवा आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो. समोरच्या फुटपाथवरून घड्याळवाले चालले होते. पायात नवे बूट, काचेच्या दुकानातले असावेत. अक्का थबकली. दर पावलाला त्यांची टाच बुटातून वर येत होती.

"एक माप मोठे दिलेत त्यांना," ती हळूच म्हणाली. "टाच सोलली जाणार."

मी म्हटलं, हाक मार. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ते वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत ती त्यांच्या पावलांकडेच बघत उभी राहिली.