बांधाकडचा ऊस

गिरधर आप्पांनी एक डोळा मिटला की शहादा तालुक्यातले भलेभले शेतकरी देवाचं नाव घ्यायचे. दुसरा डोळा हातातल्या छोट्या दुर्बिणीसारख्या नळीला लावलेला असे. साखर कारखान्याच्या शेतकी विभागात त्यांची सारी नोकरी या कामात गेली. उसाला टोच्याने भोक पाडायचं, रसाचा थेंब नळीच्या काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून साखरेचा आकडा वाचायचा. ऊस पिकला असेल तर तोडणीची टोळी, नसेल तर आप्पांचा नकार. संचालकाच्या मेव्हण्यालाही त्यांनी एकदा भर पंगतीत नकार दिला होता, आणि वर त्याच्याकडचीच जिलबी मागून घेतली होती.

त्यांना फसवणं अवघड होतं, कारण फसवायच्या सगळ्या तऱ्हा त्यांना तोंडपाठ होत्या. बांधाकडच्या उसाला ऊन जास्त लागतं, तो आधी पिकतो. म्हणून शेतकरी चहा पाजून त्यांना बांधावरच अडकवायचे. आप्पा चहा प्यायचे आणि पाचट तुडवत मधोमध जायचे. कुणी आकडा चढावा म्हणून आधी पाणी तोडून ऊस सुकवायचे. आप्पा जमिनीत बोट खुपसून कोरडेपणा बघायचे आणि अहिराणीत म्हणायचे, "याले तहान लागेल शे, हाऊ पिकेल नही."

अशा माणसाच्या स्वतःच्या रक्तात साखर निघाली ती निवृत्तीनंतर, गावातल्या आरोग्य शिबिरात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि साखर नियमित तपासत जा म्हणून बजावलं. आप्पांनी गोळ्या घेतल्या, तपासणी सोडून दिली. लेक काजल सुरतेला दिलेली, शाळेत शिकवते. तिने यंत्र, पट्ट्यांची डबी, सुया असं सगळं पाठवलं. आप्पांनी ते कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली. माझं अंग मला कळतं, जीभ कोरडी पडली की साखर वाढली, नाही पडली की नाही, हे त्यांचं शास्त्र. निर्मलाबाई काही बोलल्या तर ते म्हणत की उसाच्या आकड्यात मला कधी तू शिकवलंस का? त्या माउलीने उसाच्या आकड्यात कधीच लुडबूड केली नव्हती, त्यामुळे वाद तिथेच संपायचा.

काजलने फोन केले, रडून पाहिलं, बोलणं बंद करून पाहिलं. अबोल्यात आप्पांना आरामच वाटला. मग एका दुपारी तिचा मेसेज आला. मी त्यांचा शेजारी, तेव्हा त्यांच्या ओट्यावर होतो. एरवी बापाला अहिराणीत 'तू' म्हणणाऱ्या पोरीने शाळेच्या मराठीत, 'तुम्ही' घालून लिहिलं होतं. आप्पांनी चष्मा लावला तेव्हाच त्यांचा चेहरा उतरला होता.

"आप्पा, एका उसावरून तुम्ही कधी तोड दिलीत का? शेंडा, मधला भाग, बुडखा, तिन्हीकडचा रस बघत होतात. शेताच्या मधोमध जात होतात. वरून हिरवागार दिसतो म्हणून कुणाचा ऊस पास केलात का? मग स्वतःचं शेत बांधावरूनसुद्धा का बघत नाही? सकाळी उपाशीपोटी बघा. दुसऱ्या दिवशी जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी बघा. आधी हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा. बोटाला केळ्याचा किंवा गुळाचा अंश असेल तर आकडा खोटा चढतो. सुई बोटाच्या कडेला टोचा, मध्ये टोचली तर दुखते. थेंब पट्टीच्या टोकाला लावा, पट्टी स्वतः ओढून घेते. डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने पट्ट्या खराब होतात. तुमच्या डॉक्टरांनी उपाशीपोटी एकशेतीसच्या आत आणि जेवणानंतर एकशेऐंशीच्या आत सांगितलंय. पण चांगला आकडा मला नकोय. खरा पाहिजे. त्यावरून डॉक्टर औषध बदलतील. तुमचे पाय शाबूत राहावेत, एवढंच मला पाहिजे."

आप्पांनी मेसेज दोनदा वाचला. मग कमरेची किल्ली काढली. इतक्या वर्षांत त्यांच्याशी त्यांच्याच उसाच्या भाषेत कुणी भांडलं नव्हतं.

पहिला आकडा जेवणानंतरचा आला, दोनशे चौसष्ट. आप्पांनी यंत्र हलवलं, उलटं धरलं, माझ्याकडे संशयाने पाहिलं. फोटो मात्र प्रामाणिकपणे पाठवला. घरच्या ग्रुपवर जावयाने काळजीचा चेहरा टाकला, पुतण्याने हात जोडले, नंदुरबारच्या मावशीने कारल्याच्या रसाचा व्हिडिओ टाकला. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना नापास केलं, तो सगळ्या गोतावळ्यासमोर नापास झाला.

त्यानंतर आकडे चांगले येत गेले. एकशेबावीस. एकशेअठ्ठावीस. एकशेअठरा. ग्रुपवर टाळ्या. काजल सुरतेत सगळ्यांना ते आकडे दाखवत असणार. डॉक्टरांनी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी लिहून दिली, तर आप्पांनी त्यांच्यापुढे मोबाईल धरला आणि एवढे चांगले आकडे असताना शिरेतून रक्त कशाला, म्हणून ती चिठ्ठी खिशातच जिरवली. गोळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

खरी गोष्ट निर्मलाबाईंना माहीत होती. तपासायचं असलं की आदल्या संध्याकाळी आप्पा फक्त ताक प्यायचे, वर जेवल्याची ढेकर द्यायचे आणि पहाटे बोट टोचायचे. लग्नात जिलबी, शेतात केळी, घरी लापशी झाली की दोन-तीन दिवस यंत्राला सुट्टी. जेवणानंतरची तपासणी त्या पहिल्या दिवसानंतर झालीच नाही. सगळ्या तालुक्याच्या लबाड्या पकडणारा माणूस स्वतःला बांधावर उभं करून चहा पाजत होता, पाणी तोडून ऊस सुकवत होता. हे निर्मलाबाईंनी एकदा बोलून दाखवलं. आप्पा म्हणाले, "पोर खूश शे ना? मंग तू कसाले तोंड खुपसस?"

उन्हाळ्यात नवी चप्पल अंगठ्याला चावली. दुखलं नाही, म्हणून आप्पांनी पाहिलं नाही. वाढलेल्या साखरेने पायाची जाणीव आधीच नेली होती. निर्मलाबाईंना आधी वास आला, मग जखम दिसली. काजलने सुरतेला नेलं, तिथल्या दवाखान्यात रक्त शिरेतूनच काढलं. तीन महिन्यांची सरासरी साडेदहा टक्क्यांच्या वर निघाली. सातच्या आसपास हवी होती. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. बाकीच्या पायाचं नंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले. तिथेच निर्मलाबाईंनी काजलला ताकाचं सगळं सांगून टाकलं.

मी भेटायला गेलो तेव्हा आप्पा उशीला टेकून बसले होते. कारखान्यात असतो तर अपंग भत्ता मिळाला असता, असं काहीतरी म्हणाले. मी हसलो. काजल हसली नाही. ती पायाच्या पट्टीकडे बघत म्हणाली, "आप्पा, मी तो मेसेज धाडाले नको व्हता. आकडेच नसते तर डॉक्टरनी तव्हाच रगत काढं असतं."

नकार देण्यात आप्पांची हयात गेली होती, याला नकार देता येईना.

आता ते गावी आहेत. इन्सुलिन सुरू झालंय. सकाळी उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, दोन्ही वेळा बोट टोचतात. हात धुतात, कडेला टोचतात, झाकण लावतात. लापशी खाल्ली तर लापशीनंतरचंही तपासतात. परवा दोनशे एकतीस आला. मी समोर होतो. त्यांनी फोटो काढला आणि जेवलेल्या ताटाचाही काढून सोबत पाठवला, पुरावा म्हणून. डॉक्टर या आकड्यांवरून मात्रा बदलतात, जखम हळूहळू भरतेय, उरलेली बोटं अजून आहेत.

मेसेज पोचताच फोन वाजला. आप्पांनी घाईने उचलला आणि खरा आकडा आहे, ताक पिऊन काढलेला नाही, असं सांगू लागले. पलीकडून काजलने त्यांना पूर्ण बोलू दिलं.

"बरं," ती म्हणाली. "आते मायले दे फोन."

आप्पांनी फोन निर्मलाबाईंकडे दिला. त्या आत गेल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या, काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, बोट कुणासमोर टोचलं. आप्पा ओट्यावर बसून पायाकडे बघत होते. बायको आपली साक्ष नीट देते आहे ना, म्हणून कान मात्र त्यांनी आत लावला होता.