मेव्हण्याचा दर

शांतवन वायरमनला मेव्हणा डोळ्यांपुढं नको झाला होता. बरं, मेव्हण्यानं काही वाकडं केलं होतं का? छे! योसेफ त्याच्याच हाताखाली काम शिकला, लढाईत भिंगारच्या लष्करी कारखान्यात लागला आणि लढाई संपल्यावर टाय लावून नगरात कामं घेऊ लागला. पूर्वी 'शांतवनला बोलवा' म्हणणारी माणसं आता 'योसेफला बोलवा' म्हणायला लागली. शांतवनच्या पोटात नुसती आग पडायची.

त्यात माळीवाड्यातल्या दमयंतीबाईंचं काम निघालं. बाई शाळेत मास्तरीण. घर जुनं, वायरीचं रबर वाळून भुगा झालेलं, स्विचला हात लावला की झटका. सगळं घर नव्यानं वायरिंग करायचं होतं. बाईंनी दोघांकडूनही पॉइंटाचा, म्हणजे एकेका बत्तीच्या जागेचा, दर मागवला.

योसेफचा दर शांतवनला बायकोकडून कळला. सारा भावाकडं जाऊन आली आणि भाकरी थापता थापता सहज बोलून गेली, "बारा रुपये पॉइंट सांगितलाय म्हनं त्यानं. बावीस पॉइंट हायेत."

झालं! शांतवन तसाच उठला आणि दमयंतीबाईंच्या दारात उभा राहिला.

"बाई, अकरा रुपये पॉइंट. लाकडी पट्टी, वायर, पितळी टोपीचा स्विच, होल्डर, मजुरी, सगळं त्यात आलं. वर एक पै मागनार न्हाई."

"घर बघून घ्या ना एकदा," बाई म्हणाल्या.

"बघायचं काय त्यात? बावीस पॉइंट!"

आता या गड्याला कोण सांगणार? वीस वर्षं हेच काम केलेला माणूस, पण डोक्यात मेव्हणा बसलेला. घर न मोजता दर देऊन मोकळा झाला. चार दिवसांनी बाईंनी काम त्यालाच दिलं, तेव्हा तो रस्त्यानं छाती काढून चालला. योसेफच्या दारावरून मुद्दाम सायकलची घंटी वाजवत गेला.

पुढच्या खोल्या झकास झाल्या. मग मागं गेला आणि त्यानं हातोडी खाली ठेवली. मीटर रस्त्याच्या दाराशी. स्वयंपाकघर, कोठी, न्हाणीघर चौकापलीकडं. मागच्या सात पॉइंटांना वेगळा फ्यूजबोर्ड, आणि मीटरपासून त्या बोर्डापर्यंत सात तारांच्या पिळाची जाड वायर, जाणारी आणि येणारी अशी जोडीनं न्यायची. पॉइंटाचा दर बोर्डापासून पुढं धरतात. ही लाइन फुटावर मोजून निराळी लावतात. हे शांतवननंच योसेफला शिकवलं होतं! आणि स्वतः मात्र 'सगळं त्यात आलं' म्हणून बसला होता.

टेप लावली. चौपन्न फूट. दोन्ही वायरींचे पट्टीसकट फुटामागं आठ आणे, म्हणजे सत्तावीस रुपये मजुरीतून गेले. जुनी लाइन तशीच ठेवून वर नवी पट्टी ठोकली असती तर कुणाला कळलं असतं? त्यानं जुनी वायर चिमटीत धरली. रबर भुरुभुरु गळालं. "मरू दे तिच्यायला!" म्हणत त्यानं नवी वायर उधारीवर आणली आणि ओढली. योसेफला हसायला जागा ठेवायची नव्हती.

बत्त्या लागल्या. दमयंतीबाईंनी बावीस पॉइंटांचे पैसे मोजून दिले आणि विचारलं, "मागची लाइन किती फूट झाली?"

"चौपन्न. पन ती माझ्या अंगावर, बाई. बोललोय मी तसं."

बाईंनी आणखी सत्तावीस रुपये पुढं ठेवले. "घ्या. तुमचा दर ऐकल्यावर मी योसेफला म्हटलं, तूही अकरा कर. तो म्हणाला, पॉइंट बाराच्या खाली परवडत नाही आणि मागची लाइन त्यात येत नाही. दाजींकडून मोजायचं राहिलं असेल. काम त्यांनाच द्या, त्यांच्यासारखा हात नगरात नाही. फक्त लाइनचे फुटामागं आठ आणे वेगळे द्या. चौपन्न फूट भरेल, असंही म्हणाला."

शांतवनची कानशिलं तापली. ते पैसे बाईंच्या अंगावर फेकावेत असं त्याला वाटलं. पण वायरवाल्याची उधारी होती. त्यानं पैसे खिशात घातले.

घरी सारानं ताट वाढलं. हा भाकरी नुसती कुस्करत बसला.

"आता काय झालं? पैसे न्हाई दिले का बाईनं?"

"दिले. लाइनचे सुदीक दिले. तुज्या भावानं द्यायला लावले."

साराचा चेहरा फुलला. "बघा! आन् तुमी त्याच्या नावानं बोटं मोडता."

"म्हनून तर मोडतो!" शांतवन ताटावरून उठत ओरडला. "एक डाव तरी त्यानं माजं वाईट करायचं हुतं, सारा! सुखानं जळलो तरी असतो."