विश्रांतीच्या वारी जिम

हाफ मॅरेथॉनच्या शेवटच्या चढावर मी दरवर्षी चालायचे. श्वास टिकायचा, पण मांड्या आणि कंबर दगा द्यायची. लोक बाजूने पळत पुढे जायचे आणि मला रडू यायचं, रागाचं. यंदा तो चढ पळतच चढायचा, म्हणून मी मुकुंदवाडीतल्या जिममध्ये नाव घातलं.

आमच्या पळणाऱ्यांच्या गटाला सोमवार आणि शुक्रवार सुट्टी. वार मोकळे दिसले, तिथं मी वजनं बसवली. रोजच्या पळण्याला धक्का नाही, म्हणून स्वतःवर जाम खूश! पण शुक्रवारी मारलेल्या बैठका अंगात मुरून रविवारी उगवायच्या, नेमक्या लांब पल्ल्याच्या सकाळी. पाय लाकडासारखे. तिसऱ्या रविवारी तर मी अर्ध्यातून रिक्षा करून घरी आले.

"सोडते मी ती जिम," मी आपाला म्हणाले. आपा आमच्याच गटातली, शाळेत खेळाची शिक्षिका, माझ्याहून वयानं मोठी आणि तोंडानं फटकळ.

"जिमनं काय केलं? वार बदल ना," ती म्हणाली. "विश्रांतीच्या दिवशी वजनं उचलती, मग विश्रांती कवा? एकादशी अन् दुप्पट खाशी, असं झालं तुझं."

"मग कधी जाऊ? बाकीचे दिवस पळण्यात जातात."

"ज्या दिवशी पळून दमती, त्याच दिवशी. मंगळवारी सकाळी जोरात पळ, संध्याकाळी जिम. गुरुवारी तसंच, पण हलकं. कष्टाचा दिवस कष्टाचा, आरामाचा आरामाचा. अन् अजून दोनदा उचलता येईल तवाच वजन खाली ठेव."

मला ते पटलं नाही. एकाच दिवशी दोन्ही म्हणजे मरणच, असं मी ठणकावून सांगितलं. ती नुसती हसली. शेवटी हट्टानं, तिला खोटं पाडायलाच, मी करून पाहिलं.

पहिले दोन आठवडे वजन इतकं कमी, की जिममधल्या पोरांसमोर लाज वाटायची. मग ते हळूहळू वाढवलं. बैठका, एका पायावर पायरी चढणं, टाचा उचलणं, बस. बुधवारी सावकाश पळायचं, सोमवारी आणि शुक्रवारी निवांत चहा. आठवड्याचं पळणं एका किलोमीटरनंही घटलं नाही आणि रविवारी पाय माझे ऐकू लागले. आपा खोटी पडली नाही, याचं वाईट वाटायचंही मी विसरले.

शर्यतीच्या आठवड्यात आपानं मला जिमच्या दारावरूनच परत फिरवलं. "आता जे कमावलं ते खा."

शर्यतीत चढ आला. सवयीनं मी पाय ढिले पडायची वाट पाहिली. ते पडेनात. कंबर ताठ, पावलं छोटी, मी पळतेच आहे. दोघातिघांना मागं टाकलं. वर आपा उभी होती, गुडघा दुखत असल्यानं यंदा नुसती बघायला आलेली. "चल, चल, बाई!" ती ओरडत होती. मी तिच्यासमोरून पळत गेले. रडू या वर्षीही आलं, पण चालले नाही.