अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा टोमॅटो

हडपसरच्या ज्या छोट्या कंपनीत मी होते, तिथे शेतमालाच्या भावाचे अंदाज बांधण्याचं काम चाले. आमच्यात एक जण वयाने सगळ्यांत मोठे होते. अकोल्याकडच्या एका कॉलेजात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवून, पन्नाशीनंतर मशीन लर्निंग शिकून ते पुण्यात आलेले. शनिवार पेठेत एका खोलीत एकटेच राहायचे. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो.

टोमॅटोचा उद्याचा घाऊक भाव सांगणारं मॉडेल सरांनी बनवलं होतं. त्याचं नोटबुक, म्हणजे कोड, आलेख आणि निकाल एकाखाली एक मांडलेली संगणकावरची फाइल, तपासायला माझ्याकडे आलं. पण त्याआधीच आमच्या साहेबांनी मांजरी गावाकडच्या एका शेतकरी कंपनीला सांगून टाकलं होतं, "आमचा अंदाज अठ्ठ्याण्णव टक्के अचूक असतो."

आकडा पाहूनच मला धाकधूक वाटली. टोमॅटोचा भाव इतका शहाण्यासारखा वागत नाही.

दुपारी सरांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "सर, हा सरासरी भावाचा रकाना कुठल्या दिवसांवरून काढलाय?"

"सात दिवस. रेषा गुळगुळीत यावी म्हणून."

"मागचे सात?"

त्यांनी कोडची ती ओळ वर आणली. आजचा दिवस मधोमध होता. तीन दिवस मागचे, तीन पुढचे. उद्याचा भाव ओळखायचा आणि तोच सरासरीत आधीच मिसळलेला. सर चष्मा काढून पुसत बसले.

थांबावंसं वाटलं, पण अर्धं तपासून उपयोग नव्हता. मॉडेलला शिकवायचे आणि त्याची परीक्षा घ्यायचे दिवस त्यांनी पत्ते पिसल्यासारखे वेगळे काढले होते. त्यामुळे परीक्षेतल्या मंगळवारच्या अलीकडचा सोमवार आणि पलीकडचा बुधवार मॉडेलने आधीच पाहिलेले असायचे. शिवाय अठ्ठ्याण्णव ही अचूकता नव्हतीच. भावातल्या चढउतारांचा किती भाग मॉडेलला पकडता आला, त्याचं ते माप. सरांनी ते बरोबर नावानेच लिहिलं होतं. साहेबांच्या स्लाइडवर जाताना त्याची अचूकतेची टक्केवारी झाली.

"आणि सर, 'उद्याचा भाव आजच्याइतकाच' असं नुसतं म्हटलं, तर किती चुकतं?"

"ते नाही पाहिलं." मग हळूच म्हणाले, "वर्गात मी हेच पहिल्यांदा विचारायचो."

आम्ही दोघांनी मिळून सगळं पुन्हा चालवलं. सरासरी फक्त मागच्या दिवसांची घेतली, आधीच्या वर्षांवर शिकवलं आणि नंतरच्या वर्षावर तपासलं. उद्याच्या अंदाजात मॉडेल आणि 'आजचाच भाव' दोघं जवळपास सारखेच चुकत होते. इतक्या खटपटीचं फळ एवढंच.

मग सर म्हणाले, "पाच दिवसांनंतरचा भाव पाहू या का?" तिथे मात्र मॉडेल थोडं सरस निघालं. योगायोग नको म्हणून एकेक वर्ष पुढे सरकत तीच तपासणी केली. फरक लहान होता, पण दर वर्षी टिकला. तोडणी कधी करायची हे ठरवताना तेवढाही कामाला आला असता. सरांचा चेहरा जरा उजळला.

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. सरांनी स्वतःच सगळं सांगितलं, काही न लपवता. साहेबांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे मी त्यांना आता काय सांगू? आजचा भाव तोच उद्याचा? त्यासाठी आपली काय गरज?"

"उद्याचा नको, पाच दिवसांचा सांगू," मी म्हटलं. "फरक थोडा आहे, पण खरा आहे."

"अहो, अठ्ठ्याण्णव ऐकलेल्या माणसाला तुम्ही 'थोडा' सांगणार?"

खोटा आकडा त्यांनी पुढे रेटला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण खराही नेला नाही. काम बंद झालं.

त्यानंतर सर डब्याच्या वेळी आमच्यात बसेनासे झाले. राग नव्हता, मी काही विचारलं की "तुमचं बरोबरच होतं" म्हणायचे, आणि मला ते ऐकवत नसे. काही महिन्यांनी राजीनामा देऊन ते गावी परतले.

मागे एकदा त्यांचा फोन आला. पुन्हा शिकवतात. "माझंच नोटबुक वर्गात देतो, चुका शोधा म्हणून," ते हसत म्हणाले. "पोरं बरोबर पकडतात."

"आणि पाच दिवसांचं, सर? तेही दाखवता?"

"ते कशाला? ते तर बरोबर आहे. त्यात शोधायचं काय?"

पाच दिवसांचा तो अंदाज कुणा शेतकऱ्यापर्यंत पोचलाच नाही.